दहा विषय की एकच? अनुवादकाचे दोन रेझ्युमे

एजन्सीची मागणी स्पष्ट आहे: इंग्रजी-मराठी, औषधचाचण्यांची संमतिपत्रे, ट्रॅडॉस हे अनुवादाचे सॉफ्टवेअर आवश्यक, सोबत ३०० शब्दांचा नमुना.

पहिल्या रेझ्युमेत कायदा, वैद्यक, पर्यटन, बँकिंग असे दहा विषय आहेत आणि पुढे सॉफ्टवेअरसाठी एवढेच: ‘सर्व कॅट टूल्स’. कुठल्या विषयात काय केले, याचा पत्ता नाही. दुसऱ्यात वैद्यक हा एकच विषय, पण त्याखाली संमतिपत्रे, रुग्णांसाठीच्या प्रश्नावल्या, औषधाची माहितीपत्रके अशी कामे दिली आहेत. निवड करणारा नेमके हेच शोधत असतो.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र दुसरा अडतो. त्याच्याकडे ट्रॅडॉस नाही, मेमोक्यू आहे. तरी ही अडचण मोठी नाही. मेमोक्यूत ट्रॅडॉसचे `.sdlppx` पॅकेज उघडून काम परत पाठवता येते. हे त्याने एका ओळीत लिहायला हवे होते. न लिहिल्यास चाळणीतच नाव गळू शकते.

खरा निकाल नमुन्यात लागतो. पहिल्याचा मजकूर ओघवता, पण मूळ इंग्रजी जोडलेलेच नाही, मग तपासायचे कशाशी? शिवाय तो पर्यटनाचा. दुसऱ्याने मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवले आहेत. वाक्ये थोडी ताठ आहेत, पण मात्रा, एकके आणि ‘कधीही माघार घेता येईल’ ही अट शाबूत आहे. संमतिपत्रात ती अट गळली तर सुंदर भाषेचा उपयोग शून्य.

मी दुसऱ्यालाच चाचणी-मजकूर पाठवीन. एजन्सीचे काम पर्यटनाचे असते, तर कदाचित पहिल्याला, तेही मूळ मजकूर मागवून.