सीटा कमी केल्या तर दर वाढला: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

ग्राहकांच्या तक्रारी नोंदवण्याचं आणि त्यांचा पाठपुरावा करण्याचं हे सॉफ्टवेअर आमच्याकडे वर्षाहून जास्त काळ चालू आहे. ते काय काय करतं हे इथे पुन्हा लिहीत नाही, ते सगळीकडे वाचायला मिळतं. काम नीट होतं, बंद फार क्वचित पडतं, रिपोर्ट चांगले आहेत. माझं सगळं म्हणणं बिलाबद्दल आहे, कारण आमच्या कंपनीत लायसन्सचा हिशोब माझ्याकडे असतो आणि या सॉफ्टवेअरने माझा जेवढा वेळ खाल्ला तेवढा बाकीच्या सगळ्यांनी मिळूनही खाल्ला नसेल.

आम्ही ६० सीटा, म्हणजे ६० जणांना वापरता येईल इतकी लायसन्स, वर्षाच्या करारावर घेतल्या आणि पूर्ण वर्षाचे पैसे आधीच भरले. वर्षाच्या मधे आमचा एक विभाग बंद झाला आणि १४ जणांना या सॉफ्टवेअरची गरज उरली नाही. मी ॲडमिनमध्ये जाऊन ते १४ यूजर काढले. यूजरची यादी ४६ वर आली, पण बिलिंगच्या पानावर आकडा ६० चा ६०. यूजर काढला की सीट रिकामी होते, ती कमी होत नाही. ती दुसऱ्या कुणाला देता येते, पण तिचे पैसे मुदत संपेपर्यंत लागलेलेच असतात. उरलेल्या महिन्यांच्या परताव्यासाठी मी सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं: मुदतीच्या आत सीटांची संख्या वाढवता येते, घटवता येत नाही, आणि भरलेलं शुल्क परत मिळत नाही.

तेव्हा मी चिडले होते आणि त्याच आठवड्यात हा अनुभव लिहिला असता तर दोनच तारे दिले असते. आता मत बदललंय. वर्षाचा दर महिन्याच्या दरापेक्षा स्वस्त मिळतो तो याच अटीमुळे. आपण वर्षभराची बांधिलकी देतो, ते सूट देतात. शिवाय ही अट या एकाच कंपनीची नाही. गूगल वर्कस्पेसच्या वार्षिक प्लॅनमध्ये लायसन्स कधीही वाढवता येतात, पण कमी फक्त नूतनीकरणाच्या वेळी करता येतात. तिथे मधेच कमी करायची मुभा हवी असेल तर फ्लेक्झिबल प्लॅन घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या पद्धतीत खरेदी किंवा नूतनीकरण झाल्यापासून ७ दिवसांच्या आत सीटा कमी करता येतात आणि वापरलेल्या दिवसांचे पैसे वळते करून बाकीचे मिळतात. ते ७ दिवस उलटले की पुढच्या नूतनीकरणापर्यंत आकडा खाली आणता येत नाही. म्हणजे मधल्या काळात पैसे परत मिळणं हा अपवाद आहे, हे धरूनच चालायला हवं.

अपवाद कोणते, तेही सांगते. कंपनीने करार गंभीरपणे मोडला, आपण लेखी कळवूनही दिलेल्या मुदतीत दुरुस्त केला नाही आणि त्या कारणाने आपण करार संपवला, तर उरलेल्या काळाचे आगाऊ भरलेले पैसे परत देण्याचं कलम बऱ्याच करारांत असतं. सेवा ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बंद राहिली तर सर्व्हिस क्रेडिट, म्हणजे पुढच्या बिलातून वजा होणारी रक्कम, मिळतं, पण ते बहुतेकदा त्या महिन्याच्या शुल्काच्या काही टक्के इतकंच असतं आणि सहसा आपण ठरलेल्या मुदतीत मागितलं तरच मिळतं. आपले लोक कमी झाले, विभाग बंद झाला, प्रकल्प संपला, यातलं काहीही कंपनीच्या दृष्टीने परताव्याचं कारण होत नाही. अशा वेळी तिसरी गोष्ट मागून बघण्यासारखी असते: रिकाम्या सीटांचं उरलेलं मूल्य त्याच कंपनीच्या दुसऱ्या उत्पादनात वळवून घेणं. एकूण रक्कम घटत नसल्यामुळे विक्रीवाले इथे जरा मोकळेपणाने बोलतात. आमच्याकडे त्यांचं दुसरं काही उपयोगाचं नव्हतं, म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

मग नूतनीकरण आलं. करारानुसार बदल ३० दिवस आधी लेखी कळवायचे होते. मी त्याच्या बऱ्याच आधी मेल पाठवून ४६ सीटांचं कोटेशन मागितलं. ते उघडलं आणि आधी वाटलं की चुकीची फाइल आली आहे. सीटा जवळजवळ चौथा भाग कमी झाल्या होत्या आणि रक्कम मात्र जेमतेम हलली होती.

हे नीट कळावं म्हणून चलन बाजूला ठेवून एका सीटचा महिन्याचा मूळ दर १०० धरा. ५० किंवा त्याहून जास्त सीटा घेतल्या की २० टक्के सूट, म्हणजे दर ८०. आमच्या ६० सीटांचे महिन्याला ४,८०० होत होते. ४६ वर आलो की सूट गेली, दर १०० झाला आणि बिल ४,६००. १४ सीटा कमी करून २०० वाचले. आता त्याच दरपत्रकात ५० सीटा लावून बघा: ५० गुणिले ८०, म्हणजे ४,०००. चार सीटा रिकाम्या ठेवूनही बिल ४६ सीटांपेक्षा ६०० ने कमी येतं. विक्री प्रतिनिधीने हे आपण होऊन सांगितलं नाही. मी कागदावर मांडून विचारलं तेव्हा मात्र त्याने लगेच मान्य केलं आणि ५० चं कोटेशन पाठवलं. वरच्या चार सीटा आम्ही नव्या भरतीसाठी राखून ठेवल्या.

माझा सगळा राग आणि सगळं लक्ष ज्या एका ओळीवर अडकलं ती ही. संख्या घटली तर जुना दर लागू राहणार नाही, असं कलम आमच्या करारात आधीपासून होतं आणि ते अनेक करारांत असतं. सेल्सफोर्सच्या जाहीर मुख्य करारातही असं आहे की नूतनीकरणात सीटांची संख्या किंवा कराराचा काळ कमी झाला तर आधीचा दर न धरता नव्याने किंमत ठरेल. सीट कमी करण्याचा हक्क एका कलमात मिळतो आणि त्याचा फायदा दुसऱ्या कलमात काढून घेतला जातो. ही दोन कलमं एकाच पानावर नसतात. विकत घेताना मला या सॉफ्टवेअरची दहा वैशिष्ट्यं दाखवली गेली. त्यांतल्या एकाही वैशिष्ट्याने आमच्या खर्चावर या ओळीइतका परिणाम केलेला नाही.

इथवर निदान सगळं लेखी होतं. पुढे जे झालं त्याला माझ्याकडे माफी नाही. ५० च्या कोटेशनवर सह्या झाल्या, प्रतिनिधीचं ‘झालं’ असं उत्तर आलं आणि नूतनीकरणाच्या दिवशी बिल आलं ६० सीटांचं. चौकशीअंती कळलं की विक्रीचा करार एका सिस्टीममध्ये असतो आणि आपोआप होणारं नूतनीकरण दुसऱ्या सिस्टीममधला जुना आकडा उचलतं. तिथे संख्या बदलायची कुणीतरी हाताने, आणि ती कुणी बदललीच नव्हती. तुमच्या ॲडमिनमध्ये पुढच्या मुदतीची संख्या आधीच नोंदवून ठेवायची सोय असेल तर ती नोंदवा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. आमच्याकडे ती सोय नव्हती, फक्त आजचा आकडा दिसत होता.

मी त्याच दिवशी लेखी हरकत घेतली. सोबत सही झालेलं कोटेशन आणि प्रतिनिधीचा मेल जोडला. बिलिंग विभागाने चूक मानली आणि फरकाचं क्रेडिट खात्यात टाकतो म्हणाले, वैधता ६ महिने. ऐकायला बरं वाटतं, पण आमचं पुढचं बिल १२ महिन्यांनी येणार होतं. मधे एकही बिल नसताना ते क्रेडिट वळतं कुठे होणार? नव्या सीटा घेतल्या तरच. म्हणजे जास्तीच्या १० सीटांचे पैसे भरायचे आणि ते वसूल करण्यासाठी आणखी सीटा घ्यायच्या. मी क्रेडिट नाकारलं. आधीचं बिल रद्द करून ५० सीटांचं नवं बिल द्या, एवढीच मागणी धरून ठेवली. त्यांनी तीन वेगवेगळ्या लोकांकडे फिरवलं, शेवटी दिलं.

हे जमलं त्याचं मोठं कारण म्हणजे पैसे अजून आमच्याकडे होते. आम्ही बिल आल्यावर भरतो, बिलाला ३० दिवसांची मुदत होती आणि करारात देय तारखेच्या आत सद्हेतूने लेखी हरकत घेण्याची तरतूद होती. ५० सीटांची निर्विवाद रक्कम वेळेत भरायची तयारी आम्ही त्याच पत्रात लिहून दिली, त्यामुळे सेवा बंद करण्याचं कारण त्यांच्याकडे उरलं नाही. हेच खातं कार्डाला जोडलेलं असतं तर ६० चे पैसे आपोआप कापले गेले असते आणि आम्ही परतावा मागणारे झालो असतो. पैसे गेल्यावर क्रेडिट नाकारणं फार अवघड जातं. कुणाला क्रेडिट घेणं भागच पडलं, तर निदान त्याची वैधता पुढच्या नूतनीकरणाच्या बिलाच्या तारखेपलीकडे आहे हे लेखी घ्या आणि ते कोणत्या बिलापोटी आहे त्याचा क्रमांक लिहून घ्या. नुसत्या ‘खात्यात जमा’ला हिशोबात जागा सापडत नाही.

एका प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं आहे, कारण सहकाऱ्यांनी तो मला बरेचदा विचारला: सरळ महिन्याचाच प्लॅन का घेत नाही? यावर मी आधी ठाम नाही म्हणायचे, आता अर्धं हो म्हणते. समजा महिन्याचा दर वार्षिक दरापेक्षा २० टक्के जास्त आहे. मग १२ ला १.२ ने भागलं की १० येतात. एखादी सीट वर्षात १० महिन्यांपेक्षा कमी लागणार असेल तर ती महिन्याच्या दराने घेणं स्वस्त, जास्त लागणार असेल तर वार्षिक स्वस्त. आमच्याकडे हंगामात तात्पुरते येणारे लोक तीन-चार महिनेच असतात. त्यांच्यासाठी वार्षिक सीट घेणं म्हणजे उरलेल्या महिन्यांचे पैसे टाकून देणं. कायम लोकांचा गाभा वार्षिक करारावर आणि हंगामी लोक महिन्यावर, असं एकाच खात्यात दोन्ही चालतं का, हे घेण्याआधी विचारा. या सॉफ्टवेअरमध्ये चालत नाही. सगळ्या सीटा एकाच प्लॅनवर लागतात. मला हा त्यातला खरा दोष वाटतो आणि तो त्यांना सहज सुधारता येईल.

नव्या मुदतीसाठी सही करण्याआधी आम्ही तीन बदल मागितले होते. नूतनीकरणात सीटा १५ टक्क्यांपर्यंत घटल्या तरी दर तोच राहावा, हे त्यांनी मान्य केलं. नूतनीकरणाचं बिल आमच्या लेखी होकाराशिवाय काढू नये, हे चुकीच्या बिलाच्या प्रकरणानंतर पुरवणी पत्रात मान्य केलं. मुदतीच्या मधे एकदा सीटा कमी करायची मुभा मात्र नाकारली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. सॉफ्टवेअरला चार तारे, बिलिंगला दोन. तुमचा करार नवा असेल तर सीटा घटल्यावर दर काय लागेल हे आजच लिहून घ्या. सही झाल्यानंतर आम्हाला हे कुणी दिलं नसतं.