स्कायलाइटसाठी पैसे घेतले आणि नुसतं सिलिकॉन भरून दिलं

आमचं घर गुहागरजवळ. जुनी कौलं उतरवून स्लॅब टाकला, तेव्हा माजघरात उजेड यावा म्हणून चार बाय चार फुटांचा स्कायलाइट करायचं ठरलं. ठेकेदाराने तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या: भोकाभोवती काँक्रीटचा नऊ इंच उंच कठडा म्हणजे कर्ब, त्यावर डब्याच्या झाकणासारखी बसणारी ॲल्युमिनियमची फ्रेम आणि काचेवर बाहेरून सावली. पैसे तिन्हींचे घेतले. केलं काय, तर विटांचे दोन थर रचले, वर काच आडवी ठेवली आणि कडेने सिलिकॉन भरलं. गिलावा आणि रंग झाल्यावर मला काही ओळखता येईना.

एप्रिलमध्ये त्याने माझ्यासमोर काचेच्या मधोमध दोन बादल्या पाणी ओतलं. थेंब आत आला नाही. मी त्याच दिवशी उरलेले पैसे दिले. ती माझी चूक.

आपल्याकडे झड आडवी येते, वारा पाणी सांध्यात खालून वर रेटतो. काचेच्या मध्यावर ओतलेल्या बादलीने तो सांधा तपासलाच जात नाही. जूनमध्ये भिंतीला ओल आली. जुलैत झावळीच्या कचऱ्याने गच्चीची नळी तुंबली आणि तुंबलेलं पाणी सरळ माजघरात उतरलं. दुसऱ्या गवंड्याने मोजून दाखवलं: विटांची उंची सहा इंच, त्यातले चार कोब्याखाली गेले, उरले दोन. कर्ब मोजायचा तो कोबा झाल्यानंतर, कोब्याच्या वरून. सिलिकॉन तर गिलाव्याच्या धुळीवरच लावलेलं, नखाने अख्खी पट्टी सोलून निघाली.

उन्हाचंही तेच. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास इथे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे आडव्या काचेवर ऊन थेट पडतं. सावलीच्या जागी त्याने आतून काळी फिल्म चिकटवली होती. फिल्म तापली, काच तापली आणि खाली आईला दुपारी माजघरात बसवेना. ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडवायला हवं होतं.

आता काँक्रीटचा कर्ब कोब्यापासून नऊ इंच आहे. वॉटरप्रूफिंग कर्बच्या माथ्यापर्यंत चढवलंय. फ्रेमची कड बाहेर दोन इंच खाली वळवली आहे, त्यामुळे पागोळी कर्बपासून लांब गळते. काचेला उतार आहे आणि तिच्या फूटभर वर पट्ट्यांची जाळी, मधून वारा खेळतो.

या वेळी पैसे देण्याआधी आम्ही पाइप खालच्या सांध्यावर पंधरा मिनिटं धरला, मग हळूहळू वर नेला, चारही बाजूंनी. आत मी टॉर्च घेऊन उभा होतो. एका कोपऱ्यात ओल दिसली. गवंड्याने तिथली फ्रेम उचलून पुन्हा बसवली, आणि परत पाइप लावल्यावर कोपरा कोरडा राहिला, तेव्हा मी हिशेब चुकता केला.