आंब्याच्या जाहिरातीवर १ लाख २० हजार घातले, परत किती आले? तीन हिशोब शेजारी शेजारी

माझ्या चुलतभावाची देवगडकडे हापूसची बाग आहे, आणि वेबसाइटवरून घरपोच पेट्या विकायचं काम गेली काही वर्षं मी बघतोय. या सीझनला एप्रिलमध्ये २१ दिवस जाहिराती चालवल्या, फेसबुक-इन्स्टावर आणि गूगलवर. सीझन संपल्यावर दादाने एकच प्रश्न विचारला, "पुढच्या वर्षी एवढेच पैसे घालायचे का?" साधा प्रश्न, पण त्याची तीन उत्तरं निघाली आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. जो कोणी असाच निर्णय घ्यायला बसलाय त्याच्यासाठी तिन्ही इथे मांडतोय.

आधी खर्च नीट लिहून घेऊ, कारण पहिली चूक इथेच होते. मेटाला ६०,००० गेले, गूगलला ३०,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १६,२००. ताज्या फळांवर जीएसटी नाही, त्यामुळे जाहिरातीवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट आम्हाला मिळत नाही, तो सरळ खर्चच. रील शूट आणि ॲड्स बघणाऱ्या मुलाची फी मिळून १३,८००. एकूण १,२०,०००. आता दुसरी बाजू: सरासरी ऑर्डर १,५०० रुपयांची, त्यातून फळ, खोका, कुरिअर आणि खराब निघालेल्या फळाची बदली वजा केली की हातात ४५० उरतात. हिशोब या ४५० वर करायचा, १,५०० वर नाही. बरेच जण विक्रीला खर्चाने भागतात आणि त्याला आरओआय, म्हणजे घातलेल्या पैशावरचा नफा, म्हणतात; ते रोआस आहे, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे किती विक्री झाली ते, त्यात आंबा फुकट आल्यासारखं धरलेलं असतं.

```
आरओआय % = (जाहिरातीमुळे वाढलेल्या ऑर्डर्स × ४५० − १,२०,०००) ÷ १,२०,००० × १००
```

म्हणजे खर्च नुसता निघायलाच २६७ ऑर्डर्स जाहिरातीमुळे यायला हव्यात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्याशीच ताडून बघायचंय. आणि फॉर्म्युल्यात खरी अडचण "जाहिरातीमुळे" या एका शब्दात आहे, बाकी सगळं बिलांवर छापलेलं असतं.

पहिला हिशोब, प्लॅटफॉर्म जे सांगतात तो. त्या २१ दिवसांत वेबसाइटवर एकूण ६२० ऑर्डर्स आल्या. मेटाचा डॅशबोर्ड म्हणाला ३१० आमच्या, गूगल म्हणालं २४० आमच्या, आणि आमच्या व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टमधला कूपन कोड वापरून १९० आल्या. बेरीज ७४०. ऑर्डरी ६२० आणि श्रेय घेतलं ७४० चं! ॲड्स बघणाऱ्या मुलाने ५५० ऑर्डर्स धरून नऊच्या वर रोआस असा रिपोर्ट पाठवला होता, आणि तो खोटं बोलत नव्हता, स्क्रीनवर तेच दिसत होतं. आपल्या फॉर्म्युल्याने ५५० वर आरओआय १०६ टक्के येतो, म्हणजे पैसे दुप्पट.

हे कसं होतं ते एका ऑर्डरवरून सांगतो. पुण्यातल्या एक काकू. मंगळवारी इन्स्टावर आमची पेटी उघडतानाची रील दिसली, त्यांनी तिच्यावर क्लिक करून आमची वेबसाइट बघितली. गुरुवारी व्हॉट्सॲपवर आमचा मेसेज गेला, कोडसकट. शनिवारी त्यांनी गूगलवर आमचंच नाव टाकलं, वर आमचीच जाहिरात होती, तिच्यावर क्लिक करून कोड टाकून ऑर्डर दिली. मेटाचं डीफॉल्ट सेटिंग असं की क्लिकनंतर ७ दिवस किंवा नुसतं बघितल्यानंतर १ दिवस, यात खरेदी झाली की ती मेटाची. गूगल ॲड्सचं डीफॉल्ट क्लिकनंतर ३० दिवस. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही. डिलिव्हरीनंतर मी फोन केला तर काकू म्हणाल्या, "अहो मी तर दरवर्षी तुमच्याकडूनच घेते, यंदा कधी सुरू होतंय याचीच वाट बघत होते." म्हणजे तीन जणांनी श्रेय घेतलेली ती ऑर्डर एकही जाहिरात नसती तरी आलीच असती. त्यात २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर ट्रॅकिंगसाठी परवानगी विचारायला लावल्यापासून मेटाला बऱ्याच खरेद्या प्रत्यक्ष दिसत नाहीत, त्यातल्या काही ते मॉडेलने अंदाज करून भरतात, तेव्हा त्या ३१० मधल्या सगळ्या मोजलेल्या आहेत असंही नाही.

दुसरा हिशोब गूगल ॲनालिटिक्सचा, शेवटच्या क्लिकचा. इथे एक ऑर्डर एकालाच मिळते म्हणून बेरीज बरोबर ६२० येते आणि माणसाला हायसं वाटतं. मेटा १३०, गूगल ॲड्स १५०, बाकी ३४० थेट, सर्चमधून फुकट आणि व्हॉट्सॲपवरून. पेड मिळून २८०, आरओआय ५ टक्के. काठावर पास. पण बेरीज जुळली म्हणजे वाटणी बरोबर झाली असं नाही. रील बघून ज्याला पहिल्यांदा आमचं नाव कळलं आणि जो चार दिवसांनी नाव सर्च करून आला, त्याची ऑर्डर मेटाला शून्य आणि गूगलला पूर्ण. गूगलच्या १५० पैकी ९० आमचं नाव सर्च करून आलेल्या होत्या, म्हणजे जो दारात येऊन उभाच आहे त्याला दार दाखवायचे पैसे.

यावर ईबेचा प्रयोग वाचण्यासारखा आहे. २०१२ मध्ये त्यांनी याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाच्या सर्चवरच्या जाहिराती बंद केल्या, आणि गेलेल्या क्लिक्सपैकी जवळजवळ सगळे, ९९.५ टक्के, खालच्या फुकटच्या लिंकवरून परत आले. पण ईबे मोठं नाव आहे, आपल्या नावावर दुसरा आंबेवाला बोली लावत असेल तर आपली जाहिरात बंद केल्यावर तो वर येतो, त्यामुळे आंधळेपणाने बंद करू नका, एक आठवडा बंद ठेवून एकूण ऑर्डर्स घटतात का बघा, गूगलच्या खात्यात काय दिसतं ते नाही.

तिसरा हिशोब मला सगळ्यात जास्त पटतो, पण त्यासाठी कॅम्पेन सुरू व्हायच्या आधीच ठरवावं लागतं: काही शहरांत जाहिरात दाखवायचीच नाही. आम्ही पुणे, मुंबई, ठाणे इथे चालू ठेवली आणि नाशिक, नागपूर, कोल्हापूर बंद. नुसती आधी-नंतर तुलना करून भागत नाही, कारण मध्ये अक्षय तृतीया येते आणि आंबा जाहिरातीशिवायही उठतो, शिवाय सीझन पुढे सरकतो तसा भाव उतरतो आणि मागणी बदलते. बंद शहरांना हे सगळं सारखंच लागू होतं, म्हणून ती आपली मोजपट्टी. (जळगाव मुद्दाम बाहेर ठेवलं, खानदेशात आखाजीची खरेदी वेगळ्याच प्रमाणात होते.)

मागच्या अख्ख्या सीझनमध्ये आणि यंदा जाहिरातीआधीच्या दोन आठवड्यांत चालू शहरं आणि बंद शहरं यांचं प्रमाण साधारण पाचास एक होतं. कॅम्पेनच्या २१ दिवसांत बंद शहरांतून ७२ ऑर्डर्स आल्या. म्हणजे जाहिरात नसती तर चालू शहरांतून ३६० च्या आसपास आल्या असत्या. आल्या ५४८. फरक १८८, आणि तेवढंच काय ते जाहिरातीमुळे वाढलं. आरओआय उणे २९.५ टक्के.

| हिशोब | जाहिरातीच्या ऑर्डर्स | आरओआय |
|---|---|---|
| प्लॅटफॉर्मचा | ५५० | १०६% |
| शेवटचा क्लिक | २८० | ५% |
| बंद शहरांशी तुलना | १८८ | −२९.५% |

कॅम्पेन तेच, पैसे तेच, आंबाही तोच.

आता हा तिसरा आकडाही दगडावरची रेघ समजू नका. ७२ हा लहान आकडा आहे, नशिबाने ५५ ही आल्या असत्या किंवा ८९ ही, आणि आपण त्याला पाचने गुणतोय, म्हणजे चूकही पाचपट होते. ५५ धरल्या तर वाढलेल्या ऑर्डर्स २७३ होतात आणि कॅम्पेन जेमतेम नफ्यात जातं, ८९ धरल्या तर १०३ आणि तोटा ६१ टक्के. म्हणून दादाला मी "उणे २९.५" असं सांगितलंच नाही, सांगितलं की बहुतेक तोटा झालाय, फार तर खर्च निघाला असेल, दुप्पट तर नक्कीच झालेले नाहीत. गळतीही असते, पुण्यातला मुलगा रील बघून नाशिकच्या आईवडिलांना पेटी पाठवतो आणि ती बंद शहरात मोजली जाते, त्याने जाहिरातीचा परिणाम थोडा कमीच दिसतो.

आणि एक गोष्ट तिन्ही हिशोबांत नाही. नव्याने जोडलेलं गिऱ्हाईक मे महिन्यात परत घेतं का? त्या १८८ पैकी निम्म्यांनी जरी जाहिरातीशिवाय आणखी एकदा घेतलं तरी २८२ ऑर्डर्स होतात आणि २६७ ची रेषा ओलांडली जाते. त्यामुळे २१ दिवसांनी लगेच निकाल लावू नका, पण "पुढे येतीलच" म्हणून तो फायदा आधीच धरूनही चालू नका, फोन नंबरवरून दुसऱ्या ऑर्डर्स मोजा आणि मोजलेल्याच धरा.

मग कोणता आकडा कशासाठी घ्यायचा? दोन रीलपैकी कुठली चालते हे रोजच्या रोज ठरवायचं असेल तर प्लॅटफॉर्मचा आकडा पुरतो, दोन्ही रीलना साधारण सारखंच जास्तीचं श्रेय मिळत असल्याने आपापसातली तुलना बरीचशी टिकते. अख्खं बजेट २०-२५ हजारांचं असेल तर शहरं बंद ठेवून काही कळणार नाही, ऑर्डर्सच इतक्या कमी असतात की फरक दिसतच नाही, तिथे शेवटचा क्लिक बघा आणि ऑर्डर फॉर्मवर "आमच्याबद्दल कुठून कळलं?" हा एक प्रश्न टाका. व्हॉट्सॲपच्या लिंकला ही शेपटी नक्की लावा, नाहीतर त्या ऑर्डर्स ॲनालिटिक्समध्ये थेट आल्यासारख्या दिसतात:

```
?utm_source=whatsapp&utm_medium=broadcast&utm_campaign=hapus_april
```

पण बजेट लाखाच्या वर असेल आणि प्रश्न "पुढच्या वर्षी घालायचे की नाही" हा असेल तर बंद शहरांशिवाय पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि बंद शहरं अशी निवडा की तिथून दीडदोनशे तरी ऑर्डर्स येतील, आमच्यासारख्या ७२ वर थांबू नका.

आम्ही पुढच्या वर्षी मेटाचे ६०,००० ठेवतोय पण जुन्या गिऱ्हाइकांची यादी वगळून, त्यांना व्हॉट्सॲप पुरे. गूगलवर नावाची जाहिरात एक आठवडा चालू, एक आठवडा बंद. आणि तेव्हा ठाणे बंद शहरांत.