‘आख्खा युरोप’ म्हणून पॅक विकला, बिल आलं 37,457 रुपये 92 पैशांचं

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. मे महिन्यात जर्मनीतल्या एका ग्राहकाकडे जायचं होतं, म्हणून राजारामपुरीतल्या एका मोबाईल दुकानातून आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक टाकून घेतला. 3,999 रुपये. दुकानदाराला मी दोनदा विचारलं, कुठं कुठं चालणार? "आख्खा युरोप हाय की ओ साहेब, अनलिमिटेड. निवांत फिरून या." पावतीवरही त्यानं तेच लिहून दिलं.

असल्या पॅकमध्ये बारीक अक्षरात देशांची एक यादी असते. यादीतल्या देशात पॅक चालतो आणि यादीबाहेरच्या देशात नेहमीचा रोमिंग दर लागतो. त्या यादीत स्वित्झर्लंड नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, तू तर जर्मनीत होतास, मग स्वित्झर्लंडचा काय संबंध?

सांगतो. मी उतरलो होतो कॉन्स्टान्झला. गाव जर्मनीतलं, पण जुनं गाव स्वित्झर्लंडच्या क्रॉइत्सलिंगेनला चिकटून आहे. हद्द घरांच्या मधून जाते. मोबाईलचा सिग्नल काही हद्द बघून थांबत नाही. पलीकडचा टॉवर जोरात असला की फोन आपोआप स्विस नेटवर्क पकडतो. तुम्ही जर्मनीतल्या खोलीत झोपलेले, आणि कंपनीच्या हिशेबात तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये!

पहिल्याच संध्याकाळी जेवताना मेसेज आला, स्वित्झर्लंडमध्ये आपले स्वागत आहे. खाली दर होता: डेटा 10 केबीला 5 रुपये. तो मेसेज आठवला की अजून डोकं फिरतं. पण मला सांगा, दिवसभरात बँक, विमा, लॉटरी, कुरिअर यांचे पन्नास मेसेज येतात, त्यात ‘स्वागत आहे’ असला मेसेज कोण शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो? आणि पाच रुपये बघून कुणाला भीती वाटणार? एक एमबी म्हणजे 1024 केबी, म्हणजे एमबीला 512 रुपये. हा आकडा त्यांनी मेसेजमध्ये लिहिला असता तर मी जेवण टाकून फोन बंद केला असता. मुद्दाम लिहीत नाहीत. शिवाय माझ्याकडे ‘अनलिमिटेड’ होतं ना!

आता एवढा डेटा गेला कुठं ते सांगतो. मी तिथं ना व्हिडिओ बघितला, ना कुणाला व्हिडिओ कॉल केला. सगळा डेटा मेल ॲपनं खाल्ला, तोही मी झोपेत असताना. हॉटेलचं वायफाय होतं, पण खोली नंबर आणि आडनाव टाकून लॉगिन करायचं, आणि चोवीस तासांनी ते आपोआप तुटायचं. ते तुटलं की फोन गपचूप मोबाईल डेटावर जातो. इकडं शिरोलीत सकाळी आठची शिफ्ट सुरू होते तेव्हा तिकडं साडेचार वाजलेले असतात. आमच्या क्वालिटीच्या पोरानं कास्टिंगमध्ये हवेनं पडलेल्या छिद्रांचे, म्हणजे ब्लो होलचे, आठ फोटो मेलमध्ये मजकुरातच चिकटवून पाठवले, आणि मग डिझाइन, मशीन शॉप, डिस्पॅच, सगळ्यांनी ‘रिप्लाय ऑल’ करून त्यावर चर्चा केली.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फाइल जोडून पाठवली असेल तर उत्तर देताना ती परत जात नाही. पण मजकुरात चिकटवलेला फोटो प्रत्येक उत्तराबरोबर परत जातो. आठ फोटो मिळून साधारण साडेपाच एमबी. मेलमधून जाताना कुठलीही फाइल एक तृतीयांशानं फुगते, म्हणजे झाले सव्वासात एमबीच्या वर. पहिला मेल आणि पाच उत्तरं, म्हणजे तोच माल सहा वेळा फोनमध्ये उतरला. साधारण 44 एमबी तर ह्या एकाच चर्चेचे. बाकी जोडलेली ड्रॉइंग आणि जाहिरातींच्या मेलमधली चित्रं धरून एकूण 62 एमबी. 31,744 रुपये, वर 18 टक्के जीएसटी 5,713 रुपये 92 पैसे. "फोटो आधीच सगळ्यांकडं होते की," असं तो पोरगा आता म्हणतोय!

फोनमधल्या मेल ॲपमध्ये जोडलेल्या फाइली आपोआप उतरवायची खूण काही वेळा आधीच टाकलेली असते. ती काढा, नाहीतर फक्त वायफायवर ठेवा. जीमेल असेल तर सेटिंगमध्ये आपल्या खात्यावर जाऊन Images खाली `Ask before displaying external images` निवडा. पण त्यानं फक्त बाहेरून येणारी चित्रं थांबतात, म्हणजे जाहिराती, बातमीपत्रं वगैरे. माझ्यासारखे मजकुरात चिकटवलेले फोटो त्यानं थांबत नाहीत. त्यासाठी मेल ॲपचा मोबाईल डेटाच तोडावा लागतो. आयफोनवर सेटिंगमध्ये Mobile Data च्या यादीत मेलसमोरचं बटण बंद केलं की काम झालं. अँड्रॉइडवर त्या ॲपचा `Background data` बंद करा. पण ॲप उघडलंत की डेटा परत सुरू, म्हणून वायफाय असल्याची खात्री झाल्याशिवाय उघडूच नका.

दुकानदार आता काय म्हणतो? "मी युरोप म्हटलं होतं, स्वित्झर्लंड कुठं म्हटलं?" स्वित्झर्लंड काय आफ्रिकेत आहे काय! कस्टमर केअरवाली म्हणाली, आकारणी नियमानुसार योग्य आहे. कंपनीकडेच अपील केलं, त्याचं उत्तर तेच वाक्य, फक्त मेलवर. पोलीस ठाण्यात गेलो तर हा दिवाणी मामला, आम्ही काही करू शकत नाही. दूरसंचार नियामक एकेकट्या ग्राहकाची तक्रार घेत नाही, तो कंपनीकडेच परत पाठवतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 ला फोन केला, तक्रार नोंदली गेली, कंपनीनं तेच वाक्य तिसऱ्यांदा पाठवलं आणि तक्रार ‘निकाली’. कुणी निकाली काढली, कुणाच्या बाजूनं, कुणाला पत्ता नाही. प्रत्येक ठिकाणी तक्रार क्रमांक मात्र न चुकता देतात. वहीचं एक पान भरलंय नुसत्या क्रमांकांनी.

हद्दीजवळच्या गावात राहणार असाल तर नेटवर्कची ‘आपोआप निवड’ बंद करून पॅकमध्ये असलेल्या देशाचं नेटवर्क हातानं निवडा. पुढच्या देशात गेलात की ती परत चालू करा, नाहीतर रेंजच येणार नाही. रात्री झोपताना `Data roaming` बंद. आणि रोज एकदा सेटिंगमध्ये कुठल्या ॲपनं किती मोबाईल डेटा घेतला ते बघा. आयफोनवर मोबाईल डेटाच्या पानावर रोमिंगचा आकडा वेगळा दिसतो. मेल तिथं वरच्या नंबरात दिसलं तर समजा काहीतरी गडबड आहे.

पॅक घेताना देशांची यादी व्हॉट्सॲपवर मागा. दुकानदार यादी पाठवायला टाळाटाळ करत असेल तर तिथून उठा.

आता ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून अर्ज टाकलाय. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही आणि वकीलही लागत नाही, हे मला चार ठिकाणी फिरून आल्यावर एका ओळखीच्यांनी सांगितलं. ज्यांनी सांगायचं त्यांनी सांगितलंच नाही. कंपनी आणि दुकानदार दोघांनाही पक्षकार केलंय. दुकानदाराच्या पावतीवर त्याच्याच हातानं ‘आख्खा युरोप अनलि. 3,999’ एवढंच लिहिलेलं आहे, आणि तो कागद मी अर्जाला पहिल्या नंबरला जोडलाय.