सीमान्त खर्च सरासरीला नेमका किमान बिंदूतच का छेदतो: तीन स्पष्टीकरणांची तुलना

बारावीच्या किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्रात खर्चवक्रांची आकृती काढताना एक नियम न चुकता सांगितला जातो: सीमान्त खर्चाचा, म्हणजे आणखी एक नग काढायला लागणाऱ्या वाढीव खर्चाचा, वक्र सरासरी बदलत्या खर्चाच्या आणि सरासरी एकूण खर्चाच्या वक्रांना त्यांच्या सर्वांत खालच्या बिंदूंत छेदतो. यामागचे कारण समजावून सांगण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत, आणि शिकवणाऱ्याला किंवा स्वतः अभ्यास करणाऱ्याला त्यांपैकी कोणती आधी घ्यावी हे ठरवावे लागते. एक पद्धत सरासरीच्या साध्या हिशेबाची, दुसरी विकलनाची आणि तिसरी आरंभबिंदूतून काढलेल्या रेषेच्या चढाची. तिन्हींचा निष्कर्ष एकच असला तरी प्रत्येकीतून दिसणारी गोष्ट वेगळी आहे, आणि प्रत्येकीत अडखळण्याची जागाही वेगळी आहे.

तुलनेसाठी एक मसाला कांडप केंद्र घेऊ. गिऱ्हाईक मिरच्या स्वतः आणते, म्हणून केंद्राचा खर्च फक्त कांडपाचा. गाळ्याचे भाडे आणि यंत्राचा हप्ता मिळून दिवसाचा स्थिर खर्च ३२०० रुपये धरू. तो कांडप झाले काय नि न झाले काय, द्यावाच लागतो. वीज आणि मजुरी हा बदलता खर्च. पहिल्या क्विंटलला माणूस बोलवावा लागतो आणि यंत्राची मांडामांड करावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या क्विंटलला तोच माणूस आणि तीच मांडणी कामी येते. चौथ्यापासून यंत्र तापते, ते मध्येच थांबवावे लागते, आणि पाचव्याला जादा वेळेची मजुरी द्यावी लागते. आकडे हिशेब स्वच्छ यावा म्हणून निवडलेले आहेत, आणि सगळे रुपयांत आहेत.

| क्विंटल | बदलता खर्च | सीमान्त खर्च | सरासरी बदलता | सरासरी एकूण |
|---|---|---|---|---|
| १ | १००० | १००० | १००० | ४२०० |
| २ | १४०० | ४०० | ७०० | २३०० |
| ३ | १८०० | ४०० | ६०० | १६६७ |
| ४ | २८०० | १००० | ७०० | १५०० |
| ५ | ५००० | २२०० | १००० | १६४० |

पहिले स्पष्टीकरण असे. आजवरच्या सरासरीत नवीन आकडा मिसळला, की तो सरासरीपेक्षा लहान असेल तर सरासरी खाली येते आणि मोठा असेल तर वर जाते. फलंदाजाची सरासरी ४० असताना त्याने नव्या डावात बाद होऊन २५ धावा केल्या, तर सरासरी उतरते. मग आधीच्या डावातल्या १० धावांच्या मानाने हा डाव कितीही चांगला असो. सीमान्त खर्च म्हणजे हा नवा डाव. तो सरासरीच्या खाली असेतोवर सरासरी उतरत राहते, वर गेल्यावर चढू लागते, आणि म्हणून उतरण संपून चढण सुरू होण्याची जागा म्हणजे दोघे समान होण्याचीच जागा ठरते.

या पद्धतीची ताकद अशी की ती कारण सांगते, आणि त्यासाठी बेरीज-भागाकारापलीकडे काही लागत नाही. परीक्षेतल्या उत्तरांत सर्वाधिक आढळणारी चूकही तिच्यामुळेच सुधारते. ती चूक म्हणजे ‘सीमान्त खर्च वाढू लागला की सरासरी खर्च वाढू लागतो’ हे विधान. कोष्टकात तिसऱ्याकडून चौथ्या क्विंटलकडे जाताना सीमान्त खर्च ४०० वरून १००० वर गेला, तरी सरासरी एकूण खर्च १६६७ वरून १५०० वर उतरलाच, कारण १००० हा आकडा १६६७ पेक्षा लहान आहे. सीमान्त खर्च वाढतो आहे की घटतो आहे यावर सरासरीची दिशा अवलंबून नसते. तो सरासरीच्या वर आहे की खाली, यावर असते.

हीच पद्धत घेतली की विद्यार्थी कोष्टक पुढे करून जी शंका विचारतो तिला मात्र ती एकटी पुरत नाही. सरासरी बदलता खर्च तीन क्विंटलला किमान, म्हणजे ६०० आहे, पण त्या ओळीत सीमान्त खर्च ४०० दिसतो. सरासरी एकूण खर्च चार क्विंटलला १५०० आहे आणि शेजारी सीमान्त खर्च १०००. मग समानता कुठे गेली? तिसऱ्या ओळीतले ४०० रुपये हे ‘तीन क्विंटलवरचे’ सीमान्त मूल्य नव्हे, दोनपासून तीनपर्यंतच्या सगळ्या वाटचालीचे ते मूल्य आहे, हे येथे सांगावे लागते. म्हणून आलेखावर ते अडीचवर मांडावे, आणि चौथ्या क्विंटलचे १००० साडेतीनवर. या दोन बिंदूंना जोडणारी रेषा तीनवर ७०० दाखवते, म्हणजे ६०० च्या बरीच जवळ. त्याच रीतीने चारवर १६०० येतात, १५०० च्या जवळ. उरलेला शंभराचा फरक टप्पा एक क्विंटलाचा म्हणजे मोठा असल्यामुळे पडतो, आणि टप्पा लहान करत गेलो तर तो नाहीसा होतो. कोष्टकावरून शिकवणाऱ्याने सीमान्त खर्च मधल्या ठिकाणी मांडण्याची ही दक्षता घेतली नाही, तर आकृती आणि कोष्टक एकमेकांना खोटे पाडतात, आणि विद्यार्थी नियम पाठ करून मोकळा होतो.

टप्पा शून्याकडे नेणे हेच विकलनाचे काम, म्हणून दुसरी पद्धत येथून सुरू होते. वरच्या कोष्टकातले आकडे ज्या सूत्रातून आले ते असे, खर्च शेकड्यांत, q म्हणजे क्विंटल, VC म्हणजे बदलता खर्च, MC म्हणजे सीमान्त खर्च, AVC म्हणजे सरासरी बदलता खर्च आणि AVC' म्हणजे त्या सरासरीचा चढ:

```
VC   = q^3 - 6q^2 + 15q
MC   = 3q^2 - 12q + 15
AVC  = q^2 - 6q + 15
AVC' = (MC - AVC) / q
```

शेवटची ओळ भागाकाराच्या विकलनाच्या नियमातून येते, आणि पहिल्या पद्धतीतले सगळे म्हणणे तिच्यात आहे: q धन असल्यामुळे सरासरीच्या चढाचे चिन्ह MC आणि AVC यांच्या फरकाच्या चिन्हासारखेच असते. q = 3 ठेवल्यास दोन्ही ६ येतात, म्हणजे ६०० रुपये. स्थिर खर्चाचे ३२ शेकडे मिळवून सरासरी एकूण खर्च काढला तर q = 4 ला तो १५ येतो आणि MC ही १५ येतो. आता फरक उरत नाही.

नेमकेपणाखेरीज या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. समानता असेल तेथे किमान असेलच, असा उलटा निष्कर्ष काढण्यापासून ती सावध करते. शून्य उत्पादनाच्या अगदी जवळ MC आणि AVC दोन्ही १५ च्या जवळ येतात, म्हणजे दोन्ही वक्र एकाच ठिकाणाहून निघतात, पण तो सरासरीचा किमान बिंदू नव्हे. किमान बिंदूसाठी सीमान्त वक्राने सरासरीला खालून वर छेदावे लागते. नियम सांगताना ‘खालून’ हा शब्द गाळू नये असा माझा आग्रह याच कारणासाठी आहे.

विकलनाकडे दुर्लक्ष केल्यावर काय होते याची एक सुप्रसिद्ध साक्ष आहे. अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांनी १९३१ मध्ये खर्चवक्रांवरचा निबंध लिहिताना आकृत्या काढणाऱ्या वाँग यांना असा दीर्घकालीन सरासरी वक्र काढायला सांगितले, की तो प्रत्येक अल्पकालीन वक्राच्या किमान बिंदूतून जाईल, आणि तरीही कोणत्याही अल्पकालीन वक्राच्या वर कुठेही जाणार नाही. वाँग यांनी हे अशक्य असल्याचे सांगितले, आणि ते बरोबर होते: वर न जाता त्या बिंदूतून जायचे तर दोन्ही वक्रांचा चढ तेथे समान हवा, किमान बिंदूत अल्पकालीन वक्राचा चढ शून्य असतो, आणि उतरत्या दीर्घकालीन वक्राचा चढ शून्य नसतो. वायनर यांनी चूक पुढे उघडपणे मान्य केली.

तरीही विकलनाची पद्धत पहिल्याच तासाला घ्यावी असे मला वाटत नाही. ज्याला भागाकाराचे विकलन येत नाही त्याला ती आज्ञेसारखी वाटते, आणि ज्याला येते तोही पुष्कळदा उत्तर मिळवतो, पण दोन किमान बिंदू वेगळ्या जागी का, आणि सीमान्त खर्चात स्थिर खर्च नसताना तोच एक वक्र दोन्हींना कसा गाठतो, हे त्याला सांगता येत नाही.

या प्रश्नासाठी तिसरी पद्धत सर्वांत उत्तम आहे. आडव्या अक्षावर उत्पादन आणि उभ्या अक्षावर बदलता खर्च घेऊन वक्र काढा, आणि आरंभबिंदूत एक खिळा ठोकून त्याला दोरा बांधला आहे अशी कल्पना करा. दोऱ्याचे दुसरे टोक वक्रावरच्या कोणत्याही बिंदूवर धरले, तर दोऱ्याचा चढ म्हणजे त्या उत्पादनाचा सरासरी बदलता खर्च. आणि त्याच बिंदूतल्या स्पर्शिकेचा चढ म्हणजे सीमान्त खर्च. टोक उजवीकडे सरकवत गेलो की दोरा आधी खाली झुकत जातो, आणि तीन क्विंटलला तो वक्राला फक्त खालून टेकतो. त्याहून खाली झुकवला तर तो वक्राला भेटतच नाही, म्हणून चढ येथे किमान. आणि टेकलेला दोरा स्वतःच स्पर्शिका असल्यामुळे सरासरी आणि सीमान्त येथे समान.

आता स्थिर खर्च आणायचा, तर सगळा वक्र ३२०० ने उचलण्याऐवजी खिळा ३२०० ने खाली ठोका. वक्र तोच राहतो, म्हणून स्पर्शिका त्याच राहतात, म्हणजे सीमान्त खर्च मुळीच बदलत नाही. बदलते ती फक्त दोरा कुठून सुटतो ती जागा. खालच्या खिळ्यापासून निघालेला दोरा जास्त उभा असतो, म्हणून तो वक्राच्या जास्त उभ्या भागाला, म्हणजे उजवीकडे, चार क्विंटलला टेकतो. स्थिर खर्च दुप्पट, ६४०० केला, तर टेकण्याची जागा साडेचार क्विंटलांच्या जरा पुढे जाते, आणि सरासरी बदलत्या खर्चाचा किमान बिंदू मात्र तीनवरून हलत नाही. कोष्टकातही हे दिसते: तीनवरून चारवर जाताना सरासरी बदलता खर्च १०० ने वाढला, पण स्थिर खर्चाचा वाटा १०६७ वरून ८०० वर, म्हणजे २६७ ने उतरला, पाचवर जाताना वाटा १६० नेच उतरला आणि बदलता ३०० ने चढला.

केंद्र चालवणाऱ्याला या दोन जागांचे वेगळेपण थेट कामाचे आहे. बाजाराने ठरवलेला दर क्विंटलला ६०० च्या खाली गेला तर यंत्र बंद ठेवलेले बरे. ६०० ते १५०० च्या दरम्यान चालवले तर तोटा होतो, पण ३२०० पेक्षा कमी. १५०० च्या वरच नफा सुरू होतो.

म्हणून माझा क्रम असा: बारावीला सरासरीचा युक्तिवाद, पण सीमान्त खर्च मधल्या ठिकाणी मांडलेल्या आलेखासह, पदवीला त्यानंतर लगेच खिळा आणि दोरा, आणि विकलन शेवटी, ज्यांना पुढे सूत्रांनी काम करायचे आहे त्यांच्यासाठी. एकच पद्धत घ्यायला वेळ असेल, तर मी दोऱ्याची घेईन, कारण नियम कुठे लागू होत नाही हेही तिच्यातच दिसते. समजा प्रत्येक क्विंटलला नेमके ५०० रुपयेच बदलता खर्च आला, तर बदलत्या खर्चाचा वक्र म्हणजे एक सरळ रेषा. आरंभबिंदूतल्या खिळ्याचा दोरा तिच्यावर पूर्ण लांबीभर पडून राहतो, आणि खालच्या खिळ्याचा दोरा कितीही उजवीकडे नेला तरी खाली झुकतच राहतो व तिला स्पर्शिका म्हणून कधीच टेकत नाही. तेथे सरासरी एकूण खर्चाला किमान बिंदूच नसतो, आणि म्हणून त्यात छेदण्याचा प्रश्नही उद्भवत नाही.