बँकेच्या शाखेचं नूतनीकरण: फोटोसारखी चित्रं घ्यावीत की आत फिरता येणारं मॉडेल?

शाखेचं इंटिरियर बदलायचं ठरलं की बांधकाम समितीपुढे साधारण दोन प्रकारची कोटेशनं येतात. एक असतं थ्रीडीएस मॅक्स आणि कोरोना किंवा व्ही-रे या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या चार-पाच स्थिरचित्रांचं, अगदी फोटो वाटावीत अशा. दुसरं स्केचअपच्या मॉडेलवर एन्स्केप किंवा डीफाइव्ह चालवून दिलेल्या वॉकथ्रूचं, ज्यात माऊस धरून शाखेत फिरता येतं. दोन्ही शेजारी ठेवली की पहिलं जिंकतं, कारण ते सुंदर दिसतं. माझा सल्ला उलटा आहे, निदान निर्णय होईपर्यंत तरी.

बोलायला सोपं जावं म्हणून नागपूरच्या इतवारीतल्या एका नागरी सहकारी बँकेची शाखा धरू. हॉल 22 फूट रुंद, 48 फूट खोल, दर्शनी भाग पश्चिमेला, शेवटी मॅनेजरची केबिन आणि त्यामागे स्ट्राँगरूम. डाव्या भिंतीला समांतर चार काउंटर: दोन कॅशचे, एक पासबुक आणि चौकशीचा, एक कर्जाचा. प्रत्येकी पाच फूट, म्हणजे 20 फुटांची रांग. काउंटरचा ओटा, आतली खुर्ची आणि तिच्या मागून जायची वाट यांत आठ फूट जातात. ग्राहकांसाठी उरतात 14 फूट.

आता स्थिरचित्र पाहा. त्यात हॉल ऐसपैस वाटतो, कारण कॅमेऱ्याला बहुधा 18 मिलिमीटरची लेन्स लावलेली असते. तिचा आडवा कोन 90 अंशांचा, त्यामुळे दोन्ही भिंती चौकटीत मावतात आणि समोरची भिंत लांब पळते. शिवाय कोपऱ्यात हसरी तीन माणसं उभी. पेन्शनच्या दिवशी त्याच हॉलचं काय होतं, ते हे चित्र सांगत नाही. समितीतले एक ज्येष्ठ संचालक अशा चित्राकडे पाहून म्हणतील, "भाऊ, ही तर हॉटेलची लॉबी वाटून राहिली." टोमणा असला तरी निदान अचूक आहे.

रांगेचं गणित मॉडेलमध्ये करून पाहावं. रांगेतल्या माणसाला साधारण दोन फूट लागतात. काउंटरसमोर काटकोनात सहा माणसं उभी राहिली की 12 फूट संपले. समोरच्या भिंतीपाशी दोन फुटांची फट उरते आणि केबिनकडे जाणाऱ्या प्रत्येकाला चार रांगा ओलांडाव्या लागतात. यावर उपाय म्हणजे सगळ्या काउंटरांना मिळून एकच रांग, काउंटरला समांतर, दोन पदरी. प्रत्येक पदर तीन फुटांचा, म्हणजे दोन पदरांना सहा फूट. काउंटर आणि पहिला पदर यांच्यात चार फूट सोडले की काम चालू असलेल्या माणसामागून दुसरा जाऊ शकतो, आणि भिंतीलगत चार फुटांची सरळ वाट मोकळी राहते. एकूण 14. पदर 16 फुटांचा धरला तर एकात आठ, दोन्हींत मिळून 16 माणसं मावतात. बाकीच्यांना टोकन आणि खुर्च्या. वळणावर मधला पट्टा पाच फूट आधी थांबवायचा, कारण चाकाच्या खुर्चीला फिरायला सुमारे 1500 मिलिमीटरचं वर्तुळ लागतं.

फिरता येणाऱ्या मॉडेलमध्ये हे सगळं तिथल्या तिथे पाहता येतं. 16 माणसं खरोखर उभी करायची आणि कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणायचा: उभ्या माणसाचा साधारण 1600 मिलिमीटर, चाकाच्या खुर्चीतल्याचा 1200. दारातून आत येऊन टोकनचा डिस्प्ले दिसतो का, की रांगेतली डोकी आड येतात? खुर्चीतल्या ग्राहकाला काउंटरचा ओटा छातीशी लागतो की कपाळाशी? एक काउंटर 750 ते 800 मिलिमीटर उंचीचा, खाली गुडघ्यांना जागा असलेला हवा. तो नकाशात लिहिलेला असतो, पण 1200 च्या कॅमेऱ्यातून पाहिलं की त्याची गरज कुणाला समजवावी लागत नाही. बैठकीत कुणी म्हणालं, "पासबुकचा काउंटर दाराजवळ आणा," तर पाच मिनिटांत आणून दाखवता येतो. स्थिरचित्रात तोच बदल म्हणजे पुन्हा कॅमेरे, पुन्हा रेंडर, आणि कोटेशनमधल्या 'दोन दुरुस्त्या मोफत' यातली एक संपली.

रांगेपुरता निकाल एकतर्फी आहे. प्रकाशाचं मात्र तसं नाही, आणि समित्या फसतात त्या इथेच.

"शांत, डोळ्यांना सुखद प्रकाश" असं दोन्ही कोटेशनांत लिहिलेलं असतं आणि दोन्ही चित्रांत तो दिसतोही. पण चित्रातला उजेड खोलीतल्या दिव्यांचाच असेल असं नाही. स्थिरचित्र करणारा छताखाली एक अदृश्य प्रकाशपट्टी टांगतो, कोपरे उजळतात. मग एक्स्पोजर वाढवतो. वॉकथ्रूमध्ये ऑटो एक्स्पोजर सुरू असतं, त्यामुळे दहा दिवे असोत की 30, हॉल सारखाच उजळ भासतो. ओळखायची खूण सावल्यांत असते. काउंटरच्या पुढे आलेल्या कडेखाली आणि खुर्च्यांच्या पायांशी सावली पुसट असेल, आणि छतात दिवा नाही तिथेही भिंत उजळ असेल, तर तो प्रकाश बाजारात विकत मिळत नाही.

साधा हिशेब घरीच करून पाहता येतो. ग्राहकांचा भाग 14 गुणिले 48 फूट, म्हणजे सुमारे 62 चौरस मीटर. तिथे सरासरी 200 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 200 ल्युमेन उजेड, हवेत म्हटलं तर 12,400 ल्युमेन खाली पोचायला हवेत. छत-भिंतींत मुरणारा प्रकाश आणि दिव्यांवर साचणारी धूळ धरून निम्मेच पोचतात असं मानलं, तर दिव्यांतून सुमारे 25,000 ल्युमेन निघावे लागतात. 1200 ल्युमेनचे डाउनलाइट घेतले तर 21 नग. चित्रात छतात 12 दिसत असतील आणि हॉल लख्ख असेल, तर डिझायनरला विचारायचं की बाकीचा उजेड कुठून आला. काउंटरच्या ओट्यावर, जिथे नोटा मोजायच्या आणि सह्या ताडायच्या, तिथे 300 ते 500 लक्स लागतात. तो हिशेब वेगळा.

यात दोन्ही पद्धतींची आपापली ताकद आहे. कोरोनातल्या लाइटमिक्समध्ये रेंडर झाल्यावरही प्रत्येक दिव्यांचा गट वेगळा बंद-चालू करता येतो, त्याचा रंग बदलता येतो. 3000 केल्विनचा पिवळसर प्रकाश हवा की 4000 चा पांढरा, हे ठरवायला याहून चांगलं साधन नाही. माझं मत सांगायचं तर ग्राहकांच्या खुर्च्यांवर 3000 चालेल, काउंटरवर 4000 ठेवावा. नोटांवर पिवळा प्रकाश कॅशियरला आवडत नाही. मात्र त्याच स्लायडरने दिवा दुप्पटही करता येतो आणि असा दिवा कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नसतो. एन्स्केपमध्ये लाइट व्ह्यू नावाचा प्रकार आहे, तो पृष्ठभागांवर लक्सप्रमाणे रंग चढवून दाखवतो. दिव्यांना उत्पादकाची आयईएस फाइल, म्हणजे दिव्याचा उजेड कुठल्या दिशेला किती पडतो हे सांगणारी फाइल, लावली असेल तरच त्याला अर्थ, आणि तेव्हाही तो अंदाजच. पक्का आकडा हवा असेल तर डायलक्स. जर्मनीच्या डायल कंपनीचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि दिव्यांचे बरेच पुरवठादार त्यातला अहवाल ऑर्डरसोबत करूनही देतात. त्यातून येणारी चित्रं रुक्ष असतात, पण 21 नग की 26, हा वाद त्यावरच मिटतो.

स्थिरचित्र खरोखर सरस ठरतं ते चकाकीत. काउंटरवर काळा पॉलिश केलेला ग्रॅनाइट, जमिनीला ग्लॉसी व्हिट्रिफाइड टाइल आणि कॅशियरपुढे काच, ही आपल्याकडची नेहमीची निवड. ग्रॅनाइटमध्ये प्रत्येक डाउनलाइटचा ठिपका दिसतो आणि सही करणाऱ्याचे डोळे दिपतात. काचेचं गणित आणखी वेगळं: ग्राहकाच्या बाजूला उजेड जास्त आणि आत कमी असला, तर ग्राहकाला काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो, कॅशियर दिसत नाही. मग माणसं वाकून पैसे सरकवायच्या फटीतून बोलतात. वॉकथ्रूमधली प्रतिबिंबं बरीचशी अंदाजाने काढलेली असतात, त्यामुळे हा दोष तिथे लपू शकतो. नीट केलेल्या रेंडरमध्ये तो स्पष्ट दिसतो, आणि काचेच्या आतल्या बाजूला दिव्यांची एक ओळ वाढवली की कसा जातो तेही दिसतं. म्हणून काउंटरचं जवळून घेतलेलं एक स्थिरचित्र हवंच, ग्राहकाच्या जागेवरून, 35 मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सने.

उन्हाचा मुद्दा नागपुरात टाळता येत नाही. पश्चिममुखी काचेच्या दर्शनी भागातून मे महिन्यात दुपारी चारला सूर्य साधारण 36 अंशांवर असतो. काच आठ फूट उंच असेल आणि वर छज्जा नसेल तर ऊन हॉलमध्ये 10-11 फूट आत शिरतं, म्हणजे पहिल्या खुर्च्यांवर आणि टोकन मशीनच्या स्क्रीनवर. स्केचअपमध्ये नागपूरचं स्थान, 20 मे ही तारीख आणि वेळ घातली की वॉकथ्रूमध्ये उन्हाचा पट्टा सरकताना दिसतो. स्थिरचित्रवाले बहुतेक सकाळचा मऊ उजेड निवडतात, किंवा बाहेर ढगाळ आकाश लावतात. आपल्याकडे मेमध्ये ढगाळ दुपार भाग्यानेच मिळते. शिवाय बाहेरच्या रखरखत्या उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना 200 लक्सचा हॉल सुरुवातीला अंधारा वाटतो, म्हणून दारालगतच्या आठ-दहा फुटांत दिवे थोडे जास्त ठेवावेत आणि आत जाताना कमी करत न्यावेत.

तर ऑर्डर कशी द्यावी? आराखडा ठरेपर्यंत वॉकथ्रू, सोबत दिव्यांचा डायलक्स अहवाल, आणि आराखड्यावर सह्या झाल्यावर दोनच स्थिरचित्रं: एक काउंटरचं, एक दारातून. वर्क ऑर्डरमध्ये चार अटी घालाव्यात. एक्स्पोजर कायम, ऑटो बंद. दिवे आयईएस फाइलीसह, छतात दिसतात तेवढेच. माणसांसह आणि माणसांशिवाय, दोन्ही दृश्यं. लेन्स 24 मिलिमीटरपेक्षा रुंद नको. चांगला डिझायनर यावर कुरकुर करणार नाही.

शाखेचा आराखडा बदलतच नसेल, फक्त रंग, लॅमिनेट आणि दिवे बदलायचे असतील, तर वॉकथ्रूवर खर्च करू नये. तिथे लाइटमिक्ससह तीन स्थिरचित्रं पुरतात.

आणखी एक गोष्ट, जी कोटेशनात कुणी लिहीत नाही. वॉकथ्रूची वेब लिंक किंवा चालणारी फाइल व्हॉट्सॲपवर सहज फिरते. स्ट्राँगरूम, कॅशची मागची वाट आणि कॅमेऱ्यांच्या जागा त्या मॉडेलमध्ये असता कामा नयेत. केबिनच्या मागे कोरी भिंत दाखवायची आणि तो भाग फक्त छापील नकाशावर, सही घेऊन द्यायचा.