४५ दिवसांची आजारपणाची रजा: परिवर्तित मागावी की अर्जित?

राज्य शासनाच्या सेवेतला माणूस दीर्घ आजारपणात अर्ज लिहायला बसतो, तेव्हा बहुतेकदा फक्त "वैद्यकीय रजा मिळावी" एवढंच लिहितो. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे पूर्ण पगारी रजा दोन खात्यांतून घेता येते. कोणत्या खात्यातून हवी, हे अर्जातच स्पष्ट लिहावं. नंतर दुरुस्ती करायला फार हेलपाटे पडतात.

परिवर्तित रजा अर्धपगारी खात्यातून जाते. तिला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं आणि दुप्पट दिवस कापले जातात, म्हणजे ४५ दिवसांना ९०. या खात्यात वर्षाला २० दिवसच जमा होतात. अर्जित रजेत ४५ ला ४५ च. तिची जमा वर्षाला ३० दिवस, पण शिल्लक ३०० च्या वर साठत नाही.

निवड या ३०० वरच फिरते. समजा, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ३ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर अशी रजा हवी आहे. अर्जित शिल्लक २९५, अर्धपगारी १३०, निवृत्तीला सहा वर्षं. इथे मी अर्जितच मागायला सांगेन. शिल्लक २५० वर येईल, पण जानेवारी, जुलै आणि पुन्हा जानेवारी असे १५-१५ दिवस जमा होऊन ती परत २९५ होईल. रजा घेतली नसती तर त्यातले बरेच दिवस वायाच गेले असते. उलट परिवर्तित घेतली, तर अर्धपगारीत ४० उरतात आणि पुढच्या आजारपणाला पूर्ण पगाराचे जेमतेम २० दिवस.

अर्जित शिल्लक ६० च असेल, किंवा निवृत्ती वर्षभरावर असेल, तर मात्र परिवर्तित. निवृत्तीच्या वेळी रोखीकरण शिल्लक अर्जित रजेचं होतं, तेव्हा ती राखलेली बरी. फक्त कामावर परत येण्याचा इरादा पक्का हवा. मध्येच स्वेच्छेने राजीनामा दिला, तर परिवर्तित रजा अर्धपगारी धरून पगारातला फरक वसूल होऊ शकतो.

अर्ज दोन्हीकडे सारखाच:

"सोबतच्या वैद्यकीय प्रमाणपत्रानुसार दि. ३ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर, ४५ दिवस, माझ्या खाती शिल्लक असलेली अर्जित रजा मंजूर व्हावी. माझ्या टेबलाचा कार्यभार वरिष्ठ लिपिक श्री. ... यांच्याकडे सोपवत असून कार्यभार यादी सोबत जोडली आहे."

प्रमाणपत्रावर "विश्रांतीची गरज" एवढंच असून चालत नाही. निदान, कालावधी, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि अर्जाशी जुळणाऱ्या तारखा हव्यात. एका दिवसाचा फरक असला तरी कागद परत येतो. यादीत प्रलंबित नस्त्या, त्यांच्या मुदती, कपाटाच्या किल्ल्या आणि रोखवही असेल तर त्या दिवशीची शिल्लक, खाली देणाऱ्या-घेणाऱ्याची सही. पहिल्या दिवशी दवाखान्यात असाल तर सही राहते, म्हणून ती आदल्या दिवशीच उरकावी.

रुजू होताना दोन्हीकडे तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. ते १६ तारखेलाच घेऊन ठेवलं, तर १७ ला टेबलावर बसता येतं.